वर्षभराची तूर, मसाले आणि पीठ: सोसायटीतल्या बैठकीत विचारलेले प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात कर्मचाऱ्यांची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. बरीचशी घरं बैठी, काही वर एक मजला चढवलेली, आणि जवळपास प्रत्येक घरात वर्षाची तूर भरून ठेवायची पद्धत अजून टिकून आहे. कुणाची शेतातली येते, कुणी माहेरहून आणतं, कुणी मार्केट यार्डातून पोतं उचलतं. मी बरीच वर्षं बचत गटांच्या बायांसोबत डाळ आणि मसाल्याचं काम करते, म्हणून तिथल्या मंडळींनी मला उन्हाळ्याच्या तोंडी साठवणुकीवर थोडं बोलायला बोलावलं. बोलणं थोडक्यात आटोपलं, प्रश्न मात्र संपेनात. तेच प्रश्न आणि त्यांची जरा सविस्तर उत्तरं इथे लिहिली आहेत. तुरीवर जास्त लिहिलं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नासते ती तूरच, आणि तुरीचं नीट समजलं की चना, मूग, बरबटी सगळ्यांचं समजतं.

काकू, फेब्रुवारीत तूर आणली तेव्हा एकही भुंगा नव्हता. पोतं बांधलेलंच होतं. मग जुलैत इतके भुंगे आले कुठून?

ते बाहेरून आले नाहीत, तुरीसोबतच आले. कडधान्याचा भुंगा शेतातच वाळत आलेल्या शेंगांवर अंडी घालतो. मळणी होते, तूर घरी येते, तेव्हा काही दाण्यांच्या आत अळी आधीच बसलेली असते. दाणा वरून गुळगुळीत आणि शाबूत दिसतो, म्हणून निवडताना ती सापडत नाही. अळी आतला गर खाते, आतच कोष करते आणि गोल टोपण कापून भुंगा बाहेर पडतो. बाहेर आलेला भुंगा फार तर आठ-बारा दिवस जगतो आणि काहीच खात नाही. त्याचं काम एकच, जोडी जमवून दुसऱ्या दाण्यांवर अंडी चिकटवणं. अंडं ते पुन्हा भुंगा हा फेरा आपल्याकडच्या उबेत साधारण महिनाभरात पूर्ण होतो.

आता अर्ध्या क्विंटलचा हिशोब मांडून बघू. तुरीचे दहा दाणे म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम. म्हणजे पन्नास किलोत पाच लाखांच्या आसपास दाणे झाले. समजा, मार्चमध्ये त्या पोत्यात फक्त दहा माद्या बाहेर पडल्या. एक मादी साठ-सत्तर अंडी सहज घालते. त्यातली वीसच जगली आणि त्यात निम्म्या माद्या निघाल्या असं धरा. एप्रिलमध्ये भुंगे दोनशे. पाच लाख दाण्यांत दोनशे भोकं, कुणाच्या नजरेस पडणार? मे महिन्यात दोन हजार, म्हणजे अडीचशे दाण्यांत एक फुटका. तरीही घरात कुणी काही बोलत नाही. जूनमध्ये वीस हजार, म्हणजे शंभरातले चार दाणे. इथे एखादी म्हणते, "अगं, दोन-चार भुंगे दिसले बाई." आणि जुलैत दोन लाख, शंभरातले चाळीस.

प्रत्यक्षात आकडे असे सरळ चालत नाहीत. मे महिन्याच्या फार कडक उष्णतेत त्यांची वाढ मंदावते, गर्दी झाली की अंडी कमी जगतात. पण वाढीची चाल हीच असते. म्हणून पावसाळ्यात "अचानक" कीड लागली असं वाटतं. ती अचानक लागलेली नसते, चार महिने आपल्या डोळ्यांआड वाढत असते. यातून एक गोष्ट पक्की समजून घ्या: तुरीला जे करायचं ते मार्च ते मे याच काळात करायचं. जून-जुलैत केलेली धावपळ उरलेलं वाचवायला असते.

मग सुरुवातीला तुम्ही किडीऐवजी ओलाव्याबद्दलच का बोलत होता?

कारण ओलावा असला की बाकीचं सगळं त्याच्या मागे येतं. दाणा नीट वाळलेला असेल तर बुरशी धरत नाही. कीडसुद्धा कडक कोरड्या दाण्यात सावकाश वाढते. ओल्या दाण्यात ती झपाट्याने वाढते, आणि वाढता वाढता स्वतःच्या श्वासातून ऊब आणि वाफ सोडते. त्यामुळे पोत्याच्या मधला भाग गरम आणि दमट होतो, आणि तिथे बुरशी सुरू होते. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर मधेच कोमट लागलं तर समजा, आत काहीतरी चाललं आहे.

दुसरं म्हणजे दाणा एकदा वाळवला की कायमचा वाळला, असं नसतं. तो हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. मे महिन्यात आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की दाणा आपोआप सुकतो. ऑगस्टमध्ये हीच हवा ओलीचिंब असते, आणि उघड्या पोत्यातला दाणा हळूहळू पुन्हा फुगायला लागतो. म्हणून दोन कामं आहेत: उन्हाळ्यात दाणा वाळवून घ्यायचा, आणि पावसाळ्याची हवा त्याला लागू द्यायची नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात घर तर कोरडंच असतं. तरी पोत्याला वास का आला?

तुमच्या खोलीत कूलर आहे का? हा प्रश्न मी विचारला तेव्हा अर्ध्याहून जास्त हात वर गेले. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करूनच आत फेकतो, त्याशिवाय ती गार होत नाही. एप्रिल ते जून रात्रंदिवस कूलर चालणाऱ्या खोलीत आपण सगळ्यात कोरड्या मोसमातच पावसाळा आणून ठेवतो. त्याच खोलीत पलंगाखाली तुरीची चुंगडी, कोपऱ्यात मिरचीचं पोतं. कूलरच्या खोलीत धान्य ठेवायचंच नाही. दुसरी जागा नसेल तर ते हवाबंद डब्यात असलं पाहिजे, आणि डबा कूलरच्या झोतासमोर नको.

बैठ्या घरांत जमीन आणि बाहेरची भिंत हीसुद्धा ओल देते. पोतं फरशीवर थेट ठेवलं की खालचा थर पावसाळ्यात ओला होतो. खाली लाकडी फळ्या किंवा विटांवर पाट टाका आणि भिंतीपासून वीतभर तरी अंतर ठेवा. मागून झाडू फिरला पाहिजे, एवढी जागा असली की पुरे.

ऊन दाखवायचं म्हणजे नेमकं कसं? आम्ही तर दरवर्षी दाखवतो, तरी भुंगे होतातच.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उन्हात आपल्याला दोन वेगळी कामं करून घ्यायची असतात आणि आपण ती एकत्र करायला जातो. एक, दाणा वाळवणं. त्यासाठी वारा लागतो. दोन, दाण्याच्या आतली अळी मारणं. त्यासाठी कोंडलेली उष्णता लागते. उघड्यावर पसरलेली तूर वाळते छान, पण इतकी तापत नाही की आतली प्रत्येक अळी मरेल. वरचे भुंगे तेवढे पळून जातात, संध्याकाळी आपण समाधानाने पोतं भरतो, आणि आतली अळी सुखरूप घरात परत येते.

म्हणून दोन दिवस धरा. नवतपा किंवा त्याच्या आधीचे मे महिन्यातले स्वच्छ दिवस यासाठी उत्तम.

पहिल्या दिवशी तूर चाळून, पाखडून घ्या. माती, फुटके दाणे, शेंगांचे तुकडे निघालेच पाहिजेत, कारण फुटक्यावर आणि भुकटीवर दुसऱ्या किडी पोसतात. मग गच्चीवर ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर पसरा, दर तासाभराने हाताने किंवा फावडीने परता. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत गोळा करा.

दुसऱ्या दिवशी तीच तूर काळ्या प्लास्टिकवर एक इंच किंवा त्याहून पातळ पसरा. वरून पारदर्शक प्लास्टिक झाका आणि चारही कडा आत दुमडून त्यावर विटा, दगड ठेवा. कडा नीट बंद असणं फार गरजेचं आहे, कारण कडेचा दाणा सगळ्यात कमी तापतो आणि भुंगे तिकडेच धावतात. काळं खालून तापतं, वरचं पारदर्शक उष्णता बाहेर जाऊ देत नाही. दुपारी आतला दाणा साठ अंशांच्या आसपास जातो. सत्तावन्न अंशांच्या वर तासभर टिकलं तर अंडं, अळी, कोष, भुंगा सगळंच मरतं. आपण अकरा ते तीन तसंच ठेवायचं, म्हणजे मधल्या आणि कडेच्या दाण्यालाही पुरेसा वेळ मिळतो. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर दाण्यांच्या मध्ये खुपसून बघा. नसेल तर हात आत घातल्यावर चटका बसून लगेच बाहेर काढावासा वाटला पाहिजे.

वरच्या प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर समजा पहिल्या दिवशी वाळवण कमी पडली. प्लास्टिक काढा, पुन्हा उघड्यावर वाळवा, आणि दुसऱ्या दिवशीचं काम परत करा. ओली तूर झाकून तापवली तर ती शिजल्यासारखी होते.

एक मोठी सूचना: पेरणीसाठी ठेवलेल्या तुरीला हे करू नका. इतक्या उष्णतेत उगवण कमी होऊ शकते. बियाणं वेगळं काढून फक्त उघड्या उन्हात वाळवा आणि हवाबंद करा.

तापवलेली तूर लगेच डब्यात भरली तर गरमपणामुळे उरलेले किडे मरतील ना?

नाही, उलट नासेल. गरम दाणा डब्यात बंद केला की त्यातून निघणारी वाफ वर जाते, आणि रात्री टिनाचं झाकण गार झालं की आतल्या बाजूला पाणी धरतं. ते थेंब वरच्या थरावर पडतात. पावसाळ्यात डबा उघडल्यावर वरच्या दोन बोटांत गुठळ्या आणि खाली सगळं छान, असं दिसलं तर हेच घडलेलं असतं.

तूर सावलीत, घरात, पातळ सुती कापडाखाली हाताला गार लागेपर्यंत ठेवा. कापड हवंच, कारण भुंगे उडतात आणि उघड्या ढिगावर संध्याकाळी सहज येऊन बसतात. रात्रभर गच्चीवर उघडी ठेवून सकाळी भरायची पद्धत म्हणूनच सोडा. गार झाली की त्याच दिवशी बंद करा.

वाळली की नाही हे कसं ओळखायचं? यंत्र तर नाही आमच्याकडे.

पहिली परीक्षा दाताची. नीट वाळलेला तुरीचा दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो, दबत नाही आणि चिकटतही नाही. मूठभर दाणे मुठीत हलवले की खणखणीत आवाज येतो.

दुसरी परीक्षा मिठाची. बारीक मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करा. काचेची बरणी पूर्ण कोरडी घ्या, तिचा तिसरा हिस्सा तूर भरा, त्यात दोन-तीन चमचे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यात अजून पंधरा टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, पुन्हा उन्हात न्या. मीठ सुटं खाली पडलं तर ओलावा पंधरापेक्षा कमी. पण इथे थांबू नका. ही परीक्षा ओलं धान्य पकडते, वर्षभर टिकणारं धान्य ओळखत नाही. तुरीसारख्या कडधान्याला दहा टक्क्यांच्या आसपास आणायचं असतं. म्हणून मिठाची परीक्षा पास झाल्यावर मे महिन्याचं एक कडक ऊन आणखी द्या आणि मग दाताची परीक्षा घ्या.

तिसरी सोय आता बाजारात स्वस्तात मिळते, ती म्हणजे खोलीतली आर्द्रता दाखवणारा लहान डिजिटल मीटर. तो दाण्यांसोबत बरणीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा पासष्टच्या खाली असेल तर बुरशीची भीती नाही. सोसायटीने मिळून असा एक घेतला तरी सगळ्यांचं काम होईल.

पोतं, कोठी की डबा? कशात ठेवू?

जुन्या कणग्या आणि ढोल्या शेणामातीने सारवलेल्या असत, त्या कोरड्या जागी चांगल्या चालत. आजच्या घरात टिनाचा डबा किंवा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम बरा. नुसतं तागाचं पोतं पावसाळ्यासाठी अजिबात नको, हवा आणि भुंगा दोन्ही त्यातून आरपार जातात.

पण भांडं कुठलं यापेक्षा ते किती भरलं आणि किती वेळा उघडलं हे जास्त महत्त्वाचं. डबा गळ्यापर्यंत भरला आणि नीट बंद केला तर आत हवा थोडीच उरते. चुकून वाचलेली कीड ती हवा वापरून टाकते, प्राणवायू कमी झाला की तिचं खाणं आणि अंडी घालणं थांबतं, आणि ती मरते. तोच डबा अर्धा रिकामा असेल आणि आपण रोज उघडत असू, तर रोज ताजी हवा आत जाते आणि कीड मजेत राहते.

म्हणून पन्नास किलो तूर एकाच मोठ्या कोठीत भरू नका. पंधरा किलो तेलाचा टिनाचा डबा धुऊन, कडक वाळवून घेतला तर त्यात साधारण बारा-तेरा किलो तूर बसते. असे चार डबे भरा. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून, दुमडून, सुतळीने बांधा आणि वर झाकण लावून चिकटपट्टी फिरवा. झाकणावर तारीख लिहा. महिन्याला लागते तेवढी एका लहान बरणीत काढा आणि डबा लगेच बंद करा. एका डब्यात काही बिघडलं तरी उरलेले तीन वाचतात.

एक अट आधीच सांगून ठेवते. हवाबंद करायचं ते फक्त वाळलेलं. ओलं धान्य हवाबंद केलं तर कीड मरेल, पण आंबूस वास आणि बुरशीने धान्यही जाईल.

एरंडेल, कडुलिंबाचा पाला, राख, यातलं खरंच काय चालतं?

एरंडेल चालतं, आणि त्याचं कारणही साधं आहे. दाण्याला तेलाचा पातळ थर बसला की भुंग्याला अंडी नीट चिकटवता येत नाहीत आणि चिकटवलेल्या अंड्यांचा श्वास कोंडतो. पण दाण्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत तेल पोहोचत नाही. म्हणून आधी उष्णता, मग तेल. प्रमाण किलोला एक लहान चमचा, म्हणजे पाच मिली, पन्नास किलोला पाव लिटर. थोडी-थोडी तूर परातीत घेऊन तळहाताने चोळा, दाण्यावर चमक आली पाहिजे, ओघळ नको. शिजवण्याआधी चांगली धुऊन घ्या. एरंडेल नको असेल तर शेंगदाण्याचं तेलही तेच काम करतं, फक्त काही महिन्यांनी त्याला खवट वास येऊ शकतो.

राख चांगली, पण ती बियाण्याच्या तुरीला. बारीक चाळलेली कोरडी राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि भुंग्याला हिंडता येत नाही. खायच्या तुरीत ती धुवायचा त्रास नको असेल तर वर फक्त दोन-तीन बोटं जाडीचा थर टाका.

कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून टाकला तर भुंगे थोडे दूर राहतात, पण त्यावर विसंबून राहू नका. आणि ओला पाला तर कधीच टाकू नका. मी असे डबे बघितले आहेत जिथे तूर स्वच्छ आणि वाळलेली होती, आणि बुरशी नेमकी पाल्याच्या भोवती होती.

गोळ्या टाकल्या तर एकदाच काम होतं ना?

घरात नाही. हे मी हात जोडून सांगते. गावात ज्यांना सल्फासच्या गोळ्या म्हणतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे बंद पोत्यात ठेवलेली गोळीही कुटुंबाचा जीव घेऊ शकते. ते प्रशिक्षित माणसांनी मोठ्या गोदामात, ताडपत्री ठोकून आणि माणसं हटवून करायचं काम आहे.

पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर यांचंही तेच. पारा शरीरात साठतो, आणि बोरिक पावडर धुतल्यावर पूर्ण निघाली की नाही हे आपल्याला कळत नाही. ज्या डाळीचं वरण लेकराला भरवायचं, त्यात हे नको.

तूर ठेवावी की डाळ करून ठेवावी?

कीड बघितली तर डाळ करून ठेवणं सोपं. हा भुंगा अख्ख्या, गुळगुळीत दाण्यावर अंडी घालणं पसंत करतो, सोललेल्या डाळीत त्याचा जोर फार कमी पडतो. उन्हाळ्यात तेल-पाणी लावून, वाळवून डाळ पाडायची जुनी पद्धत त्यामुळेही सोयीची आहे. पण डाळीला ओलावा लवकर लागतो आणि चुरीत दुसऱ्या बारीक किडी, अळ्या होतात. चुरी वेगळी काढा, ती आधी वापरून टाका. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांची डाळ करून घ्यावी, उरलेली तूर वरच्या पद्धतीने बंद ठेवावी.

तिखट आणि हळदीचं काय?

मसाल्यात ओलावा आणि उजेड हे दोन शत्रू. भिवापुरी असो की दुसरी कुठली, मिरची विकत आणलेली असेल तर ती वाळलेलीच आहे असं धरू नका. वाहतुकीत चुरा होऊ नये किंवा वजन भरावं म्हणून कधी कधी पाणी मारलेलं असतं. घरी आणल्यावर पुन्हा वाळवा. बिया आत खुळखुळल्या पाहिजेत आणि देठ मोडताना तुटला पाहिजे, लवता कामा नये. मग आठ-दहा मिरच्या उभ्या फाडून बघा. वरून लाल आणि आत बियांभोवती राखाडी-काळपट भुकटी किंवा पांढरी जाळी असेल तर ती मिरची फेका, तिखटात दळू नका. दळल्यावर ते कुणालाच दिसणार नाही.

हळकुंडं, धने, सुंठ यांना एक बारीक तपकिरी भुंगा लागतो, सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि तळाशी पिवळी पूड साचते. वायगावच्या हळदीचं हळकुंड असो की कुठलंही, नीट वाळलेलं असेल तर मोडताना ठणठणीत आवाज येतो. मसाले अख्खेच ठेवा, दोन-तीन महिन्यांपुरतेच दळा. उकळत्या भाजीवर बरणी उपडी करून तिखट टाकू नका, वाफ सरळ बरणीत जाते आणि गुठळ्या तिथूनच सुरू होतात. वाटीत काढून घ्या.

पीठ किती दिवस चालतं?

पावसाळ्यात गव्हाचं पीठ पंधरा दिवस ते महिन्यापुरतं दळा. ज्वारीचं त्याहून कमी, आठवड्या-दहा दिवसांचं, कारण त्यातलं तेल लवकर कडू होतं. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते ताटात पसरून गार करा, मगच डब्यात भरा, नाहीतर टिनाच्या झाकणाची गोष्ट इथेही घडते.

पिठातला तांबूस चपटा किडा दाण्यातून येत नाही, तो आधीच्या पिठातून येतो. डब्याच्या तळाला आणि झाकणाच्या खाचेत उरलेल्या पिठात तो बसलेला असतो, आणि आपण त्यावरच नवं पीठ ओततो. डबा रिकामा होईल तेव्हा प्रत्येक वेळी धुऊन, उन्हात वाळवूनच भरायचा. पिठाला उग्र, औषधासारखा वास आणि किंचित गुलाबी छटा आली तर कीड फार झाली आहे, चाळून उपयोग नाही.

रवा, बेसन यासाठी फ्रीजर असेल तर वापरा. पाकीट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीइतकं कोमट होईपर्यंत उघडू नका. गार पिठाला बाहेरची हवा लागली की दव धरतं.

भुंगे लागलेली तूर आणि बुरशी लागलेली तूर, दोन्ही धुऊन खाता येते का?

दोन्हीत फार फरक आहे. थोडीशी किडलेली तूर पाण्यात टाका, पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. उरलेली उन्हात पूर्ण वाळवून लवकर संपवा. चव थोडी कमी होईल. शंभरात दहा-पंधरा दाणे पोकळ निघू लागले तर माणसांसाठी ठेवू नका.

बुरशी लागलेलं मात्र खायचं नाही. हिरवी-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. ते यकृतावर जातं, आणि घरगुती शिजवण्याने, भाजण्याने किंवा वरची बुरशी झटकून ते जात नाही. 1974 मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. मका, शेंगदाणे, मिरची यांत हा धोका जास्त. आणि असं धान्य गाईलाही टाकू नका, ते विष दुधात उतरतं.

श्रावणात ऊन पडलं की पुन्हा वाळवू का?

डबा उघडून बघितला आणि सगळं ठीक असेल तर नको. बंद डब्यातला दाणा बाहेरच्या हवेपेक्षा कोरडा असतो, तो बाहेर काढून तुम्ही त्याला ओलाच कराल. भुंगे दिसले किंवा कोमट लागलं तरच काढा, अकरानंतर पसरा आणि तीनच्या आत गोळा करा.

एका घरात भुंगे झाले तर शेजारच्यांनी काळजी करायची का?

हो. भुंगे उडतात, आणि तुमच्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. किडलेलं पोतं जिन्याखाली किंवा मागच्या बोळात टाकून दिलं की ते सगळ्यांच्या घरी पोहोचतं. ते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दिवसभर कडक उन्हात ठेवा आणि मगच बाहेर काढा. जुनी पोती पुन्हा वापरायची असतील तर उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून घ्या. कोठीच्या सांध्यांतली जुनी भुकटी खिळ्याने खरवडून काढा. मे महिन्यात ज्या दिवशी एक घर गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरेल, त्याच आठवड्यात बाकीच्यांनीही अंथरलं तर उत्तम. प्लास्टिकचे दोन मोठे तुकडे आणि एक थर्मामीटर सोसायटीकडे असला की आळीपाळीने सगळ्यांना पुरतात.